प्रस्तावना : ओढ कुणाची, कुणाकडे?

बारावीच्या रसायनशास्त्रात ‘द्रावणे’ हे प्रकरण येतं आणि त्यात दोन आलेख शेजारी शेजारी छापलेले असतात. एकात बाष्पदाबाची रेषा सरळ रेषेच्या वर फुगलेली असते, दुसऱ्यात खाली झोळ पडलेला असतो. पहिला धन विचलनाचा, दुसरा ऋण विचलनाचा. खाली दोन-दोन ओळींचं कारण असतं: आकर्षण कमी झालं की बाष्पदाब वाढतो, आकर्षण वाढलं की घटतो. आपल्याकडची बहुतेक मुलं विज्ञान इंग्रजीतून शिकतात, त्यामुळे त्या ओळी जशाच्या तशा पाठ होतात आणि परीक्षेत उतरतात. पण ‘कमी झालं’ म्हणजे कशापेक्षा कमी, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. ही पुस्तिका त्या एका प्रश्नासाठी लिहिली आहे. ती मराठीत असून नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावातल्या विद्यार्थ्याला आणि शिक्षकाला समोर ठेवून लिहिलेली आहे. त्यामुळे तिच्यातलं मुख्य उदाहरणही इथल्याच जंगलातलं घेतलं आहे.

सुरुवात आदर्श मिश्रणापासून करू, कारण पहिला घोटाळा तिथेच होतो. आदर्श वायूमध्ये रेणूंना एकमेकांची ओढ नसते असं आपण अकरावीत शिकलेलो असतो. तेच डोक्यात ठेवून विद्यार्थी आदर्श द्रावणाकडे येतो आणि इथेही ओढ नसेल असं समजतो. पण ओढच नसेल तर द्रव मुळात द्रव राहणारच नाही. बेंझीन आणि टोल्युईन यांचं मिश्रण जवळजवळ आदर्श मानलं जातं. त्यातल्या एक मोल बेंझीनची वाफ करायला ३० किलोज्यूलपेक्षा जास्त उष्णता लागते, म्हणजे रेणू एकमेकांना चांगलेच धरून असतात. आदर्शपणा वेगळ्याच गोष्टीत आहे. बेंझीनच्या रेणूला शेजारी बेंझीन मिळो की टोल्युईन, त्याला बसणारी ओढ जवळपास तेवढीच राहते. शेजारी बदलल्याने त्याच्या निसटण्याच्या शक्यतेत फरक पडत नाही, फक्त मिश्रणात त्याची संख्या जितकी कमी तितका त्याचा दाब कमी. फ्रान्सच्या ग्रेनोबल शहरात काम करणाऱ्या फ्रान्स्वा-मारी राउल्टने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलेला नियम एवढंच सांगतो:

p = x · p°

शुद्ध द्रवाचा बाष्पदाब p°, मिश्रणातला त्याचा मोल-अपूर्णांक x आणि या दोघांचा गुणाकार म्हणजे त्या घटकाचा आंशिक दाब.

आता दोन द्रव घेऊ, क आणि ख. मिसळण्याआधी क-जवळ क असतो आणि ख-जवळ ख. मिसळताना क–क अशी एक जोडी सुटते, ख–ख अशी एक जोडी सुटते आणि त्या जागी क–ख अशा दोन जोड्या तयार होतात. म्हणून हिशोब करायचा तो एका क–ख जोडीचा आणि क–क, ख–ख यांच्या सरासरीचा. क–ख ही ओढ त्या सरासरीपेक्षा दुबळी असेल तर दोन्ही रेणू मिश्रणात सैल पडतात, नियमापेक्षा जास्त निसटतात आणि विचलन धन होतं. ती सरासरीपेक्षा बळकट असेल तर दोघेही अडकून पडतात आणि विचलन ऋण होतं. क–ख ओढ स्वतः किती मोठी आहे, हा प्रश्नच नाही. पाणी आणि अल्कोहोल यांच्यात भक्कम हायड्रोजन बंध होतात, तरी त्यांचं विचलन धन आहे. हे विसंगत वाटत असेल तर तुलना अजून मनात नीट बसलेली नाही असं समजावं.

ही तुलना उघड दाखवणारी मोजमापं पोलिश रसायनशास्त्रज्ञ यान झाविड्झ्की याने जर्मनीत लाइप्झिगला केली आणि १९०० साली प्रसिद्ध केली. शंभरहून अधिक वर्षं झाली, तरी पाठ्यपुस्तकांतले आलेख बऱ्याचदा त्याच्याच आकड्यांवर काढलेले असतात. तापमान होतं ३५.२ अंश सेल्सिअस. त्या तापमानाला शुद्ध ॲसिटोनचा बाष्पदाब पाऱ्याच्या ३४४ मिलिमीटरच्या आसपास असतो. कार्बन डायसल्फाइडचा सुमारे ५१२, क्लोरोफॉर्मचा सुमारे २९३. ॲसिटोन आणि कार्बन डायसल्फाइड निम्मे-निम्मे मोल घेतले तर राउल्टच्या हिशोबाने एकूण दाब ४२८ यायला हवा, पण प्रत्यक्षात येतो ६४५च्या आसपास. म्हणजे मिश्रणाचा दाब दोघांतल्या जास्त उडणाऱ्या द्रवाच्याही वर जातो. तोच ॲसिटोन क्लोरोफॉर्मबरोबर निम्मा-निम्मा मिसळला तर ३१९ अपेक्षित असतात आणि मिळतात सुमारे २५५, म्हणजे दोघांतल्या कमी उडणाऱ्या द्रवाच्याही खाली.

ॲसिटोन दोन्हीकडे तोच आहे, म्हणजे विचलन हा एकट्या द्रवाचा गुण नाही, तो जोडीचा आहे. ॲसिटोनच्या रेणूत ऑक्सिजनच्या टोकाला ऋण भार झुकलेला असतो, त्यामुळे ॲसिटोनचे रेणू एकमेकांना ध्रुवीय ओढीने धरतात. कार्बन डायसल्फाइडचा रेणू सरळ आणि सममित असल्यामुळे त्याला असं टोकच नाही. त्याच्या शेजारी गेलेल्या ॲसिटोनची ध्रुवीय पकड वाया जाते. क्लोरोफॉर्मची गोष्ट उलटी. त्याच्या कार्बनवरचे तीन क्लोरीन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात आणि उरलेला एकटा हायड्रोजन धनभारित होतो. त्याला ऑक्सिजन हवा असतो, पण दुसऱ्या क्लोरोफॉर्ममध्ये ऑक्सिजन नाही. ॲसिटोनमध्ये ऑक्सिजन आहे, पण त्याला देण्याजोगा हायड्रोजन दुसऱ्या ॲसिटोनकडे नाही. दोघे एकत्र आले की आधी कुणाकडेच नसलेला हायड्रोजन बंध तयार होतो. मिश्रण हाताला जाणवेल इतकं गरम होतं आणि उकळतंही उशिरा. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतो, क्लोरोफॉर्म ६१ अंशांना, पण वजनाने सुमारे ८० टक्के क्लोरोफॉर्म असलेलं मिश्रण ६४ अंश ओलांडल्यावरच उकळतं.

ही दोन्ही मिश्रणं शाळेच्या प्रयोगशाळेत करून पाहण्यासाठी दिलेली नाहीत. कार्बन डायसल्फाइडची वाफ ९० अंशांच्या आसपास तापलेल्या पृष्ठभागावर ठिणगीशिवायही पेट घेऊ शकते. ॲसिटोन आणि क्लोरोफॉर्म यांच्या मिश्रणात अल्कली पडली तर जोरदार, स्फोटक अभिक्रिया होऊ शकते, म्हणून टाकाऊ द्रवांच्या बाटलीतही हे दोघे एकत्र ओतू नयेत.

पुस्तिकेतलं मुख्य उदाहरण मात्र अल्कोहोल आणि पाणी यांचं आहे. पारशिवनी तालुक्याच्या उत्तरेला पेंचचं जंगल आहे आणि त्या भागात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं गळतात. ती वाळवून ठेवतात, खातात, विकतात आणि आंबवून त्यांची दारूही गाळतात. हातभट्टीची दारू कायद्याने बंद आहे, आणि या पुस्तिकेत गाळण्याची कृती दिलेली नाही. आपल्याला हवी आहे ती फक्त त्यातली रसायनशास्त्राची बाजू. आंबवलेल्या फुलांच्या पाण्याला आपल्याकडे सडवा म्हणतात. त्यात साखरेचे अवशेष, आम्लं, सुगंधी द्रव्यं असं पुष्कळ काही असतं. ते बाजूला ठेवून सडवा म्हणजे फक्त पाणी आणि इथेनॉल असं धरू. शंभर ग्रॅम सडव्यात पावणेपाच ग्रॅम इथेनॉल आहे असं मानू. इथेनॉलचा रेणू पाण्याच्या रेणूच्या अडीचपट जड, त्यामुळे मोल-अपूर्णांकात हे प्रमाण फक्त ०.०१९ भरतं. शंभरात जेमतेम दोन रेणू इथेनॉलचे.

हे मिश्रण आदर्श असतं तर काय झालं असतं? ते ९९ अंशांच्या थोडं वर उकळलं असतं. त्या तापमानाला शुद्ध इथेनॉलचा बाष्पदाब पाण्याच्या सव्वादोनपट असतो, त्यामुळे वाफेत इथेनॉलचं प्रमाण द्रवातल्यापेक्षा साधारण तेवढ्याच पटीने वाढलं असतं. वाफेचा मोल-अपूर्णांक ०.०४च्या जरा वर, म्हणजे वजनाने दहा टक्क्यांच्या आसपास. एवढ्या दारूसाठी सरपण जाळायला कुणी बसलं नसतं.

प्रत्यक्षात हे मिश्रण ९५.५ अंशांनाच उकळतं आणि वाफेतला इथेनॉलचा मोल-अपूर्णांक ०.१७ असतो, म्हणजे वजनाने ३४ टक्के. आंशिक दाबांचा हिशोब केला की कारण दिसतं. ९५.५ अंशांना शुद्ध इथेनॉलचा बाष्पदाब सुमारे १४५० मिलिमीटर असतो. त्याला ०.०१९ने गुणलं तर २८ मिलिमीटर येतात. पण ७६० मिलिमीटर एकूण दाबातला १७ टक्के वाटा १२९ मिलिमीटर होतो. इथेनॉल नियमापेक्षा साडेचार पटींहून जास्त निसटतं आहे. पाण्याचं पाहिलं तर त्याचा आंशिक दाब ६३१ मिलिमीटर आणि राउल्टचा हिशोब ६३४. पाणी नियमाला चिकटून आहे. कारण सरळ आहे. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव रेणूंचे शेजारी बहुतेक पाणीच आहेत, त्यांच्यासाठी काहीच बदललेलं नाही. सगळा बदल त्या दोन परक्या रेणूंच्या वाट्याला आला आहे. विरळ घटक नियमापासून सर्वांत दूर जातो आणि भरपूर असलेला घटक नियम पाळतो, हे लक्षात ठेवलं तर विचलनाच्या आलेखांची दोन्ही टोकं आपोआप वाचता येतात.

‘पहिल्या धारेची’ एवढी प्रसिद्ध का, हेही इथेच कळतं. इथेनॉल इतक्या वेगाने वाफेत जातं, की भांड्यातलं त्याचं प्रमाण लवकर उतरतं आणि पुढच्या धारा पातळ होत जातात. मिश्रण आदर्श असतं तर पहिल्या आणि पुढच्या धारांमधला फरक पुसट राहिला असता.

मग ती धार पुन्हा गाळली, तिसऱ्यांदा गाळली, तर शंभर टक्के इथेनॉल मिळेल का? नाही मिळत. वजनाने ९५.६ टक्क्यांवर गाडी अडते. तिथे वाफ आणि द्रव यांची घडण एकच होते आणि कितीही उकळलं तरी तेच मिश्रण वर जातं. याला स्थिरक्वथनी मिश्रण म्हणतात. हे मिश्रण ७८.१५ अंशांना उकळतं, शुद्ध इथेनॉलपेक्षा थोड्याशा खालच्या तापमानाला. त्या तापमानाला शुद्ध इथेनॉलचा दाब ७५५ मिलिमीटर आणि पाण्याचा फक्त ३२९. आदर्श हिशोबाने इथेनॉलच पुढे निघायला हवं. पण आता पाहुणा बदलला आहे. इथे शंभरात सुमारे ८९ रेणू इथेनॉलचे आणि ११ पाण्याचे. पाण्याला त्याचं जाळं मिळत नाही, भोवती इथाइलच्या शेपट्या आहेत, म्हणून आता पाणी नियमापेक्षा सव्वादोनपटीहून किंचित जास्त निसटतं आणि इथेनॉलची नैसर्गिक आघाडी नेमकी भरून काढतं. ज्या विचलनाने सुरुवातीला भट्टीला हात दिला, तेच शेवटी वाट अडवतं. म्हणून पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल तयार करताना आसवन्यांना उरलेलं पाणी रेण्वीय चाळणीसारख्या वेगळ्या मार्गाने काढावं लागतं. नुसतं उकळून ते जात नाही.

आता या पुस्तिकेतल्या सर्वांत अवघड वळणाकडे येतो. पाठ्यपुस्तकात धन विचलनाबरोबर आणखी दोन खुणा दिलेल्या असतात: मिसळताना उष्णता शोषली जाते आणि आकारमान वाढतं. ऋण विचलनात याच्या उलट. आता एका मोजपात्रात ५० मिलिलिटर पाणी आणि दुसऱ्यात ५० मिलिलिटर शुद्ध इथेनॉल घ्या. इथेनॉल सावकाश पाण्यात ओता. काचेवर बारीक बुडबुडे दिसतील, भांडं कोमट लागेल, आणि निवल्यावर मोजलं तर १०० नव्हे, ९६ ते ९७ मिलिलिटर भरतील. उष्णता बाहेर पडली, आकारमान घटलं. खुणांवरून निकाल लावणारा विद्यार्थी वहीत ‘ऋण विचलन’ लिहील. त्याचं निरीक्षण बरोबर आहे आणि निष्कर्ष चूक आहे, कारण बाष्पदाब मोजला तर विचलन धनच निघतं.

हा पेच सोडवायचा तर तीन मोजमापं तीन वेगळ्या गोष्टी सांगतात हे मान्य करावं लागतं. आकारमान सांगतं की रेणू किती दाटीने बसले. पाण्याच्या हायड्रोजन बंधांच्या जाळ्यात मोकळ्या जागा असतात, मिश्रणात त्या अधिक चांगल्या भरल्या जातात, म्हणून आकारमान घटतं. उष्णता सांगते की एकूण आकर्षणाच्या ऊर्जेत किती फरक पडला. बाष्पदाब मात्र ऊर्जा आणि मोकळीक या दोन्हींचा मिळून हिशोब सांगतो. या मोकळिकीला शास्त्रात एन्ट्रॉपी म्हणतात. इथेनॉलच्या रेणूला एका टोकाला हायड्रॉक्सिल असतं, ते पाण्याशी आनंदाने बंध जुळवतं. दुसऱ्या टोकाला इथाइलची शेपटी असते, तिच्याशी पाण्याला बंध जुळवता येत नाहीत. थंड पाण्याचे रेणू त्या शेपटीभोवती असे वळतात, की आपापसांतले बंध शक्यतो तुटू नयेत. ऊर्जेत फारसा तोटा होत नाही, उलट थोडी उष्णता बाहेरच पडते. पण त्या रेणूंना आता मन मानेल तसं फिरता येत नाही. गमावलेल्या मोकळिकीची किंमत मिळालेल्या ऊर्जेपेक्षा जास्त पडते आणि मिश्रणातलं इथेनॉल बाहेर पडायला जास्त उत्सुक होतं. तापमान वाढवत नेलं की मिसळताना बाहेर पडणारी ही उष्णता कमी कमी होत जाते, आणि शेपटीभोवतीची ही मांडणी उष्णतेने विस्कटते हे त्यातून दिसतं.

याच इथेनॉलला पेट्रोलमध्ये घालून पाहिलं की फरक उघडा पडतो. पेट्रोलमधल्या हायड्रोकार्बनच्या गर्दीत इथेनॉलचे आपापसांतले हायड्रोजन बंध तुटतात आणि बदल्यात त्या तोडीची ओढ मिळत नाही. इथे मिसळताना उष्णता शोषली जाते. एकट्या इथेनॉलचा बाष्पदाब पेट्रोलपेक्षा बराच कमी असतो, तरी पेट्रोलमध्ये पाच-दहा टक्के इथेनॉल मिसळलं की मिश्रणाचा दाब घटण्याऐवजी वाढतो. कमी उडणारं घातलं आणि जास्त उडणारं मिळालं. नागपूरच्या मे महिन्यात इंधनाच्या टाकीचा विचार करणाऱ्याला हे विसरून चालत नाही. पाण्यात आणि पेट्रोलमध्ये, दोन्हीकडे इथेनॉलचं विचलन धन आहे. पेट्रोलमध्ये आकर्षण घटल्याचं साधं स्पष्टीकरण पुरतं, पाण्यात ते एकटं पुरत नाही.

म्हणून या पुस्तिकेची भूमिका अशी आहे. विचलनाचं कारण रेणूंच्या ओढीत शोधायचं, पण ते शोधताना आधी बाष्पदाब पाहायचा, मग उष्णता, आणि आकारमान सगळ्यांत शेवटी. बाष्पदाबावरून विचलनाची दिशा ठरते. उष्णता त्या दिशेशी जुळली तर आकर्षणाचा खुलासा बहुधा पुरेसा आहे. जुळली नाही तर रेणूंच्या मोकळिकीचा विचार करावा लागेल, आणि पाणी असलेल्या मिश्रणांत तसं वारंवार होतं. आकारमानाचा आधार एकट्याने कधीच घेऊ नये. जिथे मिसळताना रेणूच मोडतो, तिथे ‘आकर्षण वाढलं’ हे वाक्य अपुरं पडतं. नायट्रिक आम्ल पाण्यात गेलं की त्याचे आयन होतात, म्हणून त्याचं ऋण विचलन मोठं आहे. वजनाने ६८ टक्के आम्ल असलेलं मिश्रण १२० अंशांच्या वर, एकच घडण टिकवून उकळतं. प्रयोगशाळेतल्या संहत नायट्रिक आम्लाच्या बाटलीवर साधारण तोच आकडा दिसतो तो यामुळे.

पहिल्या प्रकरणात बेंझीन-टोल्युईन आणि राउल्टचा नियम आहे. दुसऱ्यात झाविड्झ्कीच्या तीन द्रवांचे आलेख आकड्यांवरून स्वतः काढायचे आहेत. आलेखाचा कागद आणि पेन्सिल जवळ ठेवूनच ते प्रकरण वाचावं. तिसरं सडव्याचं आणि स्थिरक्वथनी मिश्रणाचं, चौथं एन्ट्रॉपीचं. चौथ्याला अकरावीपेक्षा जास्त गणित लागत नाही, पण वेळ लागतो. शिक्षकांना एक विनंती आहे. वर्गात पाणी आणि इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग करून घ्या, आणि विद्यार्थ्यांना विचलनाचं नाव आधी लिहायला लावा, बाष्पदाबाचे आकडे त्यानंतर द्या. जो विद्यार्थी ‘ऋण’ लिहील आणि मग आकडे पाहून कारण विचारेल, त्याच्यासाठी चौथं प्रकरण आहे.

पारशिवनी, जि. नागपूर